हसऱ्या हाकेला उत्तर देताना

‘हॅलो ताई, दहावीत नापास कसं व्हायचं याचं मार्गदर्शन मिळेल का?’ आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

मुलांच्या मदतवाहिनीवर मी लेखी चॅटला बसते. तिथे सुरुवात बहुधा अशीच होते. ‘मला त्रास आहे’ असं पहिल्याच वाक्यात सांगणारं पंधरा वर्षांचं मूल क्वचित भेटतं. पलीकडे माणूस आहे का, तो चिडतो का, लगेच उपदेश सुरू करतो का, हे मुलं आधी चाचपून बघतात. काही जण तर नुसती गंमत करून निघून जातात, आणि तेही रास्तच आहे.

या मुलाला (तपशील बदलले आहेत) मी लिहिलं, ‘मिळेल की! पण नीट नापास व्हायचं तर विषय निवडावा लागतो. कुठला निवडलायस?’

या उत्तराचा मी नंतर बराच विचार केला. त्याच्या विनोदाला मी विनोदानेच उत्तर दिलं, पण शेवटी एक खरा प्रश्न ठेवला. तो एकच होता आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येण्यासारखं होतं. ‘नाव काय, शाळा कुठली, घरी कोण असतं’ अशी सरबत्ती केली की मूल गप्प होतं. त्याची भाषा उसनी घेऊन ‘भावा’ म्हणायला लागलं, तर ते खोटेपणा लगेच ओळखतं.

त्याने लिहिलं, ‘बीजगणित. सराव परीक्षेत 40 पैकी 9. आता बोर्डात इतिहास घडवणार. नाहीतर जातो ढगात.’ पुन्हा तेच चेहरे.

हलका सूर इथे थांबवावा लागतो. मरणावरचे विनोद मुलं सर्रास करतात आणि बहुतेकदा त्यांत काही नसतं. पण नुसत्या अक्षरांवरून ते ओळखता येत नाही. म्हणून विचारायचं, आणि तेही आडवळणाने नाही. मी लिहिलं, ‘बीजगणिताकडे येऊच. आधी एक विचारते, आणि हे गमतीत नाही. ढगात जातो म्हणालास. जीव द्यावा असं खरंच मनात येतं का?’ असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात घातला जातो, ही भीती चुकीची आहे. उलट, कुणीतरी शब्द उच्चारल्याने ओझं हलकं होतं.

थोड्या वेळाने उत्तर आलं, ‘नाही हो ताई. पण बाबांना मार्क सांगितले नाहीत अजून.’

खरी गोष्ट ही होती. मग आम्ही कामाचं बोललो. एक-दोन विषयांत राहिलं तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. बाबांना काय सांगायचं त्याची दोन वाक्यं त्याने स्वतः लिहिली. मी फक्त ‘पण’ने सुरू होणारं तिसरं काढायला सांगितलं. मग बीजगणिताकडे आलो. समांतर रेषा काही कळत नाहीत, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ‘ते भूमितीत असतं, नापास व्हायचं तर पेपर तरी बरोबर निवड.’ विनोद परत आला, पण आता तो आमच्या दोघांचा होता.

हा हलकेपणा मी नेमका कुणासाठी वापरते, हे मी स्वतःला विचारत असते. मुलांना आवडणारी ताई होणं सुखाचं असतं, आणि त्या सुखापायी अवघड प्रश्न पुढे ढकलावासा वाटतो. गप्पा रंगल्यात, कशाला बिघडवा, असं वाटतं. तसं वाटू लागलं की समजावं, सूर मुलासाठी उरलेला नाही. दुसरी शंका अधिक बोचते: हसवून बोलतं करणं ही फसवणूक तर नव्हे? मला वाटतं, त्याला नुसतं हसून निघून जायची मोकळीक असेल, तर नाही. माझा प्रश्न टाळून तो गेला असता तरी मी त्याला पुन्हा यायला सांगितलं असतं, एवढंच.

एका बाबतीत मात्र मी हलकं बोलत नाही. ‘कुणाला सांगणार नाही ना?’ असं मुलं लाडात विचारतात. तेव्हा ‘शप्पथ!’ म्हणणं सोपं आहे, पण मी ते म्हणत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प राहता येत नाही. म्हणून मी आधीच लिहिते, ‘बाकी सगळं आपल्यात. पण तू सुरक्षित नाहीस असं वाटलं, तर मी मदत बोलावीन, आणि शक्यतो तुला सांगूनच बोलावीन.’ हे वाचून एखादं मूल निघून जातं. तरीही मी ते गाळत नाही.

तुमच्या घरातल्या, वर्गातल्या मुलाने असा हसत हॅलो केला, तर आधी हसा, मग एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघा. प्रकरण तुमच्या आवाक्याबाहेरचं वाटलं, तर मुलांसाठी 1098 आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हे दोन्ही क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतात.