विरजण रात्रीचं

दही लागतं रात्री. खाऊ नये म्हणतात तेही रात्रीच.

विरजण लावून पातेलं झाकून ठेवायचं, सकाळपर्यंत हलवायचं नाही. आणि कालच्या दह्यातलं उरलेलं कोणी पानात मागितलं, की आजी म्हणायची, "आता नको, छाती भरेल." का, ते विचारायची सोय नव्हती. आजीचं कारण तिच्या आजीकडे होतं.

माग काढत गेलं तर चरकसंहिता लागते. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात दह्याचे नियम एका दमात सांगितले आहेत. रात्री खाऊ नये. तूप-साखर, मुगाचं वरण, मध किंवा आवळा, यांपैकी कशाच्याही जोडीशिवाय खाऊ नये. गरम करून खाऊ नये. यातला पहिला नियम घराघरांत पोचला. बाकीचे वाटेत सांडले. दुपारी नुसत्या दह्याची वाटी संपवणाऱ्याला कोणी आवळा विचारत नाही.

आपण दह्याला थंड म्हणतो. आयुर्वेद त्याला उष्ण म्हणतो. ज्या उन्हाळ्यात आपण ते सगळ्यांत जास्त खातो, त्याच उन्हाळ्यात ग्रंथ ते नको म्हणतो. म्हणजे 'परंपरा सांगते' असं म्हणताना कोणाची परंपरा, हे आधी ठरवावं लागतं. पोथीची की माजघराची?

खरी गंमत पुढे आहे. त्याच सूत्रस्थानाचा सत्ताविसावा अध्याय खाण्यापिण्याचा. तिथे दही कुठल्या दुखण्यांत चांगलं, याची यादी दिली आहे आणि तिची सुरुवात पीनसापासून होते. पीनस म्हणजे पडसं. लगेच पुढे कफाच्या विकारांत दही वाईट, असंही म्हटलं आहे. वैद्य या दोन वाक्यांच्या मध्ये उभा राहून समोरच्याचं नाक बघत असे. आपण वैद्याला वगळलं आणि दुसरं वाक्य ठेवलं.

नाक मोजता येतं का? येतं. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संशोधकांनी 60 धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला. दहा दिवस प्रत्येकाने रोज किती दूध प्यायलं ते लिहून ठेवलं. कोणी थेंबही घेतला नाही, कोणी अकरा ग्लासांपर्यंत गेलं. नाक पुसलेले कागदी रुमाल गोळा करून त्यांतल्या शेंबडाचं वजन केलं. (विज्ञानाला किळस परवडत नाही.) दूध जास्त म्हणून शेंबूड जास्त, असं दिसलं नाही. मात्र दुधाने कफ होतो असं ज्यांना आधीपासून वाटत होतं, त्यांनी तक्रारी जास्त सांगितल्या. शेंबडाचं वजन त्यांचंही वाढलेलं नव्हतं.

हे दुधाचं झालं, दह्याचं नव्हे. तेवढं अंतर ठेवूनच वाचावं. पण घसा दाटल्यासारखा का वाटतो, याचं उत्तर दोन्हींना लागू पडावं. दुधातली स्निग्धता लाळेत मिसळली की लाळ दाट होते आणि थोडा वेळ घशावर तिचा लेप बसतो. तो लेपच आपल्याला कफ वाटतो. काही वर्षांनी ॲडलेडच्याच संशोधकांनी चव झाकून काहींना गाईचं दूध दिलं, काहींना सोयाचं पेय. घसा दोन्हीकडे सारखाच दाटला.

शिवाय सर्दीचा विषाणू शिरल्यावर नाक वाहायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. सकाळी शिंक आली की आपण रात्रीचं ताट आठवतो. परवा लोकलमध्ये शेजारी खोकणारा माणूस आठवत नाही.

आजी मग साफ चुकली का? तसं नाही. दिवसभर ओट्यावर राहिलेलं दही रात्रीपर्यंत आंबट होतं. ते भातावर घेऊन लगेच आडवं झालं, तर ज्याला पित्ताचा त्रास आहे त्याच्या छातीत जळजळतं. 'छाती भरेल' मधली छाती खरी होती. भरणारा कफ नव्हता. फ्रिजमधून काढलेलं गार दही सुजलेल्या घशाला टोचतं, पण गार पाणीही टोचतंच. दुधाची ॲलर्जी असेल तर ती दिवसाही असते.

परवा धाकटीचं नाक वाहत होतं. दोन दिवस पोटात काही नव्हतं. रात्री साडेआठला तिने दहीभात मागितला. मी दही आधीच बाहेर काढून ठेवलं होतं, आंबटही नव्हतं. आई दारात उभी राहून बघत होती. भात कालवून झाला तशी म्हणाली, "देतेच आहेस, तर वर साखर घाल."