भिंतीवरचे तीस दिवस

साताऱ्याची हिंदू मुलगी, सोलापूरचा मुसलमान मुलगा, दोघंही नोकरीनिमित्त पुण्यात. लग्न करायचं आहे आणि धर्म दोघांपैकी कुणालाच बदलायचा नाही. हे जोडपं मी उदाहरणादाखल घेतलं आहे, पण अशी जोडपी आपल्या इमारतीत, आपल्या ऑफिसात आणि पुष्कळदा आपल्याच नात्यात असतात. त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याला आपण सवयीने ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो, पण हे लग्न लावतो विवाह अधिकारी, आणि सगळं सुरळीत पार पडलं तर कोर्टाची पायरी चढावीच लागत नाही.

या कायद्याची खरी देणगी समजायला त्याच्या आधीचा कायदा पाहावा लागतो. १८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाह करायचा तर ‘मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही’ असं लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसात लग्न करताना यातून सूट मिळाली. बाकीच्यांना ती नव्हती. म्हणजे लग्नाची किंमत धर्म नाकारून मोजावी लागत होती. १९५४ मध्ये ती अट गेली. नवरा मुसलमान राहील, बायको हिंदू राहील आणि लग्न पक्कं असेल, हे भारताच्या संसदेने मान्य केलं.

आता आपलं जोडपं १ जूनला पुण्यात नोटीस देतं असं धरू. नोटीस देण्याआधीचे सलग ३० दिवस दोघांपैकी निदान एकाने त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. एकाचं पुरतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. मुलगी होस्टेलवर राहत असेल आणि तिच्याकडे भाडेकरार नसेल, तर मुलाचा नोंदवलेला भाडेकरार चालतो. वयासाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट लागतो; शिवाय ओळखपत्रं आणि फोटो. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत किंवा जोडीदाराचा मृत्युदाखला. अडतं बहुधा किरकोळ गोष्टीवर. दाखल्यावर नाव एका तऱ्हेने लिहिलेलं असतं, आधारकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. ही दुरुस्ती नोटीस देण्याआधीच करून घ्यावी, कारण नोटीस दिली की घड्याळ सुरू होतं.

नोटिशीत नाव, वय, व्यवसाय, पत्ता आणि आधीची वैवाहिक स्थिती लिहायची असते. ती कार्यालयातल्या नोंदवहीत चढते, आणि ही वही कुणालाही फुकट पाहता येते. तिची प्रत कार्यालयात सहज दिसेल अशा जागी लावतात. शिवाय दोघांचं कायमचं घर पुण्यात नसल्यामुळे एक प्रत साताऱ्याला आणि एक सोलापूरला जाते व तिथल्या कार्यालयातही लागते. जी बातमी मुलीला आपल्या तोंडाने, आपल्या वेळेला घरी सांगायची होती, ती सरकार तिच्या गावच्या भिंतीवर लावतं.

नोटीस लागल्यापासून ३० दिवस कुणीही हरकत घेऊ शकतं. पण कशावर? फक्त चार गोष्टींवर. दोघांपैकी कुणाचा पती किंवा पत्नी हयात आहे, कुणी मनाने संमती देण्याच्या स्थितीत नाही, मुलाचं वय २१ किंवा मुलीचं १८ पूर्ण नाही, किंवा दोघं कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या नात्यातली आहेत. या चारांत धर्म बसत नाही, जात बसत नाही, आईवडिलांची नाराजी बसत नाही. ‘आम्हाला हे लग्न मान्य नाही’ ही कायद्याच्या लेखी हरकतच नव्हे.

तरी कुणी २९ जूनला येऊन सांगितलं की मुलाचं आधी लग्न झालंय. अधिकारी ते लिहून घेतो, वाचून दाखवतो, सही घेतो. मग ३० दिवसांत, म्हणजे २९ जुलैपर्यंत, चौकशी करून त्याने निर्णय द्यायचा. हरकत टिकली आणि त्याने लग्न लावायचं नाकारलं, तर जोडप्याला ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. हरकत अवाजवी आणि वाईट हेतूने घेतलेली निघाली, तर ती घेणाऱ्याला फार तर १००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा आकडा १९५४ चा आहे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. नोटिशीचं आयुष्य तीन कॅलेंडर महिन्यांचं असतं. तेवढ्यात लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अपील केलं तर मुदत न्यायालयाच्या निर्णयापासून नव्याने मोजतात, पण नुसत्या चौकशीसाठी ती वाढत नाही. आपल्या जोडप्याच्या हातात २९ जुलैनंतर जेमतेम एक महिना उरतो. खोटी हरकत शेवटच्या दिवशी घेतली तरी ती एवढा काळ खाते, आणि तेवढ्यात मुलीला घरी बोलावून घेणं, तिचा फोन काढून घेणं, नोकरी सोडायला लावणं हे सगळं उरकता येतं. त्यासाठी हरकत नोंदवण्याचीही गरज नसते. भिंतीवरचा कागद वाचला की पुरे.

याचा परिणाम काय होतो, ते अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढच्या एका प्रकरणात स्वच्छ दिसलं. मुस्लिम तरुणीने धर्म बदलून हिंदू पद्धतीने लग्न केलं होतं आणि वडिलांनी तिला घरात अडवून ठेवल्याची तक्रार होती. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करता आलं असतं, पण ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि लोकांच्या हरकतींना दार उघडतं, म्हणून तो मार्ग टाळला, असं त्या जोडप्याने न्यायालयाला सांगितलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. धर्म न बदलता लग्न करता यावं म्हणून जो कायदा केला, त्याच्याच नोटिशीच्या भीतीने माणसं धर्म बदलतात. हिंदू विवाह कायद्याखाली लग्नाआधी अशी जाहीर नोटीस लागत नाही. निकाहालाही लागत नाही.

याच प्रकरणाच्या १२ जानेवारी २०२१ च्या निकालात न्या. विवेक चौधरी यांनी नोटीस प्रसिद्ध करायची की नाही ते जोडप्याने ठरवावं, असं म्हटलं. त्यांनी तशी लेखी विनंती केली नाही तर नोटीस लावू नये आणि हरकतीही घेऊ नयेत. वय, ओळख आणि संमती अधिकाऱ्याने खुशाल तपासावी. हा आदेश उत्तर प्रदेशापुरता आहे. महाराष्ट्रात कायद्याचा मजकूर जसाच्या तसा लागू आहे.

नोटिशीच्या बाजूने एक मुद्दा वजनदार आहे: पहिल्या बायकोला कळणार कसं? हा प्रश्न मी झटकणार नाही. पण सोलापुरातल्या किती बायका विवाह कार्यालयाची भिंत वाचायला जातात? पहिलं लग्न लपवून केलेलं दुसरं लग्न या कायद्याने मुळातच रद्दबातल आहे आणि तो गुन्हाही आहे. खोटं प्रतिज्ञापन करणंही गुन्हा आहे. वय आणि घटस्फोट कागदांवरून कळतात. नोटीस जाहीर लावण्याची तरतूद काढावी आणि तपासणी ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा बदलेपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. लग्नाच्या दिवशी दोघं अधिकाऱ्यासमोर, आपल्याला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीतही, एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारतात. त्या वेळी तीन साक्षीदार हजर लागतात आणि त्यांना सही करावी लागते. घरचे येणार नसतात तेव्हा हे तिघं शोधणं जड जातं. तुमच्याकडे कुणी तशी विनंती घेऊन आलं, तर ओळखपत्र आणि फोटो घेऊन वेळेवर जा.