एकोणपन्नास चिठ्ठ्या

कागदावर सात बिंदू मांडा: (०,०), (१,१), (२,२), (३,२), (३,३), (४,४) आणि (१०,२). शाळकरी मूलही सांगेल की पहिले सहा एका तिरक्या रेषेच्या आसपास आहेत आणि सातवा भलतीकडेच जाऊन पडला आहे. एसआरआय इंटरनॅशनल या अमेरिकी संस्थेतले मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट बोल्स यांनी १९८१ साली एका शोधनिबंधात हे उदाहरण दिले. डोळ्यांना दिसते ते गणिताला का दिसत नाही, हे त्यातून कळते.

या बिंदूंवर नेहमीची लघुतम वर्ग पद्धत चालवली की जवळजवळ आडवी रेषा मिळते, चढ जेमतेम ०.१६. काहीतरी बिघडले आहे हे उघड आहे, म्हणून जो बिंदू रेषेपासून सर्वांत दूर तो काढून टाकू, असे आपण ठरवतो. पण सर्वांत दूर निघतो (४,४), १.८९ उभ्या अंतरावर. खरा गुन्हेगार (१०,२) फक्त १.०६ वर असतो. (४,४) काढून पुन्हा रेषा बसवली की पाळी (३,३) ची येते आणि त्यानंतर (०,०) ची. तीन चांगले बिंदू बाहेर गेले, वाईट मात्र जागेवरच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दूरच्या बिंदूने रेषा स्वतःकडे ओढून घेतलेली असते, म्हणून त्याच रेषेने मोजले तर तो जवळचाच वाटतो.

फिशलर आणि बोल्स यांच्यासमोरचा प्रश्न हवाई छायाचित्रांतल्या खुणा नकाशाशी जुळवण्याचा होता. तिथे चुका दोन जातींच्या असतात. खूण एखाद्या ठिपक्याने इकडेतिकडे मोजली गेली, तर ती मोजमापाची चूक. अशा चुका दोन्ही बाजूंना होतात आणि सरासरीत विरून जातात. पण एक चौक दुसराच समजून जुळवला, तर ती ओळखीची चूक. तिला मर्यादा नसते आणि ती विरतही नाही. सरासरी पहिल्या जातीवरचे औषध आहे, दुसरीवर तिचा उपयोग नाही.

म्हणून त्यांनी उलटा रस्ता धरला. सगळ्यांना एकदम विचारायचेच नाही. रेषा ठरायला दोन बिंदू पुरतात, तर चिठ्ठ्या टाकून दोनच उचलायचे, त्यांतून रेषा काढायची आणि ठरलेल्या अंतराच्या आत किती बिंदू येतात ते मोजायचे. हे पुन्हा पुन्हा करायचे आणि जिला सर्वाधिक पाठिंबा मिळेल ती रेषा ठेवायची. वरच्या सात बिंदूंच्या २१ जोड्या होतात. त्यांतल्या १० जोड्यांतून थेट तीच तिरकी रेषा निघते, आणि ०.८ लंब अंतराची मुभा दिली तर तिच्यामागे सहा बिंदू उभे राहतात. या रीतीचे नाव रॅन्सॅक.

पण चिठ्ठ्या किती वेळा काढायच्या?

समजा १०० बाय १०० च्या चौकटीत २०० बिंदू आहेत. त्यांतले ६० एका रेषेवर आहेत आणि १४० कुठेही विखुरलेले. खऱ्यांचे प्रमाण ०.३, म्हणून उचललेले दोन्ही बिंदू खरे असण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ९ टक्के. प्रत्येक वेळी फसण्याची शक्यता ९१ टक्के. ती सलग इतक्या वेळा गुणायची, की दरवेळी फसण्याची शक्यता १ टक्क्याखाली जाईल. सूत्र एवढेच आहे:

```
N = log(1 - p) / log(1 - w^2)
```

w म्हणजे खऱ्यांचे प्रमाण, p म्हणजे हवी असलेली खात्री. ९९ टक्के खात्रीसाठी उत्तर येते ४९. एकूण जोड्या १९,९०० आणि पाहायच्या फक्त ४९. सूत्रात २०० हा आकडा कुठेच नाही. बिंदू दोन लाख असते, तरी चिठ्ठ्या तेवढ्याच लागल्या असत्या. किती लोक बोलत आहेत याला इथे किंमत नाही. त्यांतले किती खरे बोलत आहेत, यावर सगळे अवलंबून आहे.

खात्री ९९ वरून ९९.९ टक्क्यांवर न्यायची तर ४९ च्या जागी ७४ चिठ्ठ्या काढाव्या लागतात, म्हणजे आणखी फक्त २५. पण खऱ्यांचे प्रमाण ०.३ वरून ०.१ वर घसरले, तर ४९ चे ४५९ होतात. खात्री स्वस्त आहे. महाग पडते ती भेसळ.

अडचण अशी की w आधी माहीत नसतो. किती बिंदू खरे आहेत हे कळायला रेषा हवी, आणि रेषा शोधायला किती खटपट करायची हे ठरवायला तेच प्रमाण हवे. व्यवहारात यावर तोडगा असा काढतात की सुरुवातीला सर्वांत वाईट गृहीत धरायचे आणि पुरावा मिळेल तसा अंदाज सुधारत जायचे. आपल्या उदाहरणात पहिल्या जोडीच्या रेषेला ९ बिंदूंचा पाठिंबा मिळाला असे धरू. प्रमाण ०.०४५, म्हणून सूत्र २२७२ चिठ्ठ्या मागते. पाचव्या खेपेला २२ बिंदू जुळतात आणि मागणी ३७९ वर येते. चौदाव्या खेपेला ५७ जुळतात, मागणी ५५. तिथून पुढे आणखी ४१ वेळा चिठ्ठ्या काढायच्या आणि काही अधिक चांगले हाती लागले नाही, तर थांबायचे.

आता त्या पाचव्या खेपेकडे पाहा. तिथले २२ कुठून आले? बहुधा दोन्ही बिंदू खरेच होते, पण एकमेकांना खेटून. प्रत्येक खऱ्या बिंदूत एका एककाची डळमळ असली आणि दोघांत अंतर पाचाचे असले, तर एक वर नि एक खाली सरकून पाच एककांत दोनाचा फरक पडतो. पन्नास एकक पुढे गेल्यावर तोच वीसचा होतो. सूत्र मात्र असे समजून चालते की दोन खरे बिंदू मिळाले म्हणजे खरी रेषा मिळाली. म्हणून प्रत्यक्षात सूत्राच्या दुप्पट-तिप्पट चिठ्ठ्या काढणे शहाणपणाचे ठरते. तपासायची रीतही सोपी आहे: यादृच्छिक निवडीचे बीज बदलून सगळे पुन्हा चालवायचे. दरवेळी रेषा हलत असेल, तर सूत्राने सांगितलेल्या ठिकाणी आपण लवकर थांबलो, किंवा मुभेचे अंतर फारच आखूड धरले.

मुभा सैल धरण्याचा धोका वेगळा, आणि तो अधिक फसवा. मग कुठल्याही रेषेला पाठिंबा मिळतो, w फुगतो, सूत्र म्हणते आता बस्स, आणि पहिल्याच बऱ्या रेषेवर काम संपते. आपल्या डळमळीला दोन्ही बाजूंना दोन एककांची मुभा योग्य आहे. तीत सुमारे ९५ टक्के खरे बिंदू येतात. पण त्या पट्ट्यात चौकटीचा सुमारे ४ टक्के भागही येतो. म्हणजे नुसत्या विखुरलेल्या २०० बिंदूंतून कोणतीही रेषा ओढा, सातआठ बिंदू योगायोगानेच जुळतील. पहिल्या खेपेचे ९ हे तेच होते.

आता समजा खरे बिंदू ५ टक्केच, म्हणजे दहाच आहेत. सूत्र न अडखळता सांगेल: १८४० चिठ्ठ्या काढा, ९९ टक्के खात्री. खरी रेषा सापडेलही. तिच्यामागे दहा खरे आणि सातआठ योगायोगाचे, मिळून अठराएक बिंदू असतील. पण १८४० वेळा प्रयत्न केले, की निव्वळ गोंधळातूनही पंधरा-वीस बिंदूंची रेषा निघते. चिठ्ठ्या जितक्या जास्त, तितके योगायोगही मोठे. म्हणून त्याच चौकटीत मुद्दाम विखुरलेले बिंदू टाकून, तितक्याच चिठ्ठ्या काढून, कमाल किती पाठिंबा मिळतो ते आधी पाहावे. आपला आकडा त्याच्या बराच वर नसेल, तर हाती आलेली रेषा रेषा नव्हे.

ते ९९ टक्के नेमके कशाचे, हे इथे उघड होते. एकदा तरी दोन खरे बिंदू हाती आले असतील, एवढेच सूत्र सांगते. ते ओळखता येतील की नाही, याबद्दल ते गप्प असते. आपल्या ६० बिंदूंच्या उदाहरणात ते ओळखता येतात, कारण ५७ आणि वीस यांत गल्लत होत नाही. मग शेवटचे काम उरते: जुळलेल्या सगळ्या बिंदूंवर पुन्हा लघुतम वर्ग पद्धत चालवायची. सुरुवातीला जिने घात केला, त्या सरासरीला आता निर्धास्तपणे बोलावता येते. ओळखीच्या चुका बाहेर गेल्या आहेत, उरल्या त्या मोजमापाच्या, आणि त्यांवर तिचा हात चालतो.