दहा टक्के कशाचे?

22 जुलै 2021 रोजी तळियेवर दरड कोसळली, महाड पाण्याखाली गेले, पोलादपुरातही दरडींनी माणसे नेली. अशा वेळी मदत देताना देणगीदार एक अट घालतो: संस्थेचा प्रशासकीय खर्च ठरलेल्या टक्क्यांपलीकडे नको. ही अट सोपी वाटते, ती मोडते वर्षाच्या शेवटी.

समजा, पोलादपूरच्या वाड्यांत झऱ्यांचे पाणी साठवण्यासाठी एका संस्थेला दहा लाख मंजूर झाले. करारात लिहिले आहे की प्रशासकीय खर्च प्रत्यक्ष झालेल्या एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत. संस्थेने मनात एक लाख धरले. पण पावसाळ्यात काम थांबले, घाटरस्ता बंद राहिला आणि मार्चअखेर कामावर 5 लाख 40 हजारच गेले. मग प्रशासनाला मिळतात फक्त 60 हजार, कारण एकूण खर्च सहा लाख झाला. कार्यालयाचे भाडे आणि हिशेबनीसाचा पगार मात्र पावसात थांबत नाही. महिना आठ हजारांप्रमाणे वर्षाचे 96 हजार झाले. छत्तीस हजार जास्त.

मोह होतो तो इथे. हिशेबनीसाला कागदावर ‘क्षेत्र समन्वयक’ केले की आकडा बसतो. मग कधीतरी हजेरीपत्रक बँकेच्या पावत्यांशेजारी ठेवले जाते, आणि हजेरीत वाडीवर असलेल्या त्याच माणसाची त्याच दिवशी महाडच्या बँकेतल्या पावतीवर सही सापडते. पण सापडले नाही तरी ते खोटेच असते.

पाइप घेऊन वाडीवर गेलेल्या जीपचे डिझेल हा मात्र कामाचाच खर्च आहे. लॉगबुकात फेरी आणि माल लिहिलेला असेल, तर तो कामाखाली दाखवण्यात काहीही गैर नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्याचे नियमही कामाचा आणि प्रशासनाचा खर्च वेगळा धरतात: रुग्णालयातल्या डॉक्टरचा, शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय नाही, कार्यालयाचे भाडे, हिशेब आणि अहवाललेखन प्रशासकीय. त्या कायद्यात 2020 साली ही मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, आणि तिथे टक्के मोजतात ते वर्षात मिळालेल्या रकमेवर, खर्चावर नव्हे. म्हणून टक्के कशाचे, हे प्रत्येक करारात आधी वाचायला हवे.

उरलेले छत्तीस हजार संस्थेने स्वतःच्या निधीतून भरावेत. ते जमणार नसेल, तर काम रखडल्याचे दिसताच, ऑगस्टमध्येच, देणगीदाराला लिहून मुदत किंवा मर्यादा वाढवून मागावी. नकार आला तर तो मान्य करावा.

देणगीदारांनाही एक विनंती आहे. दरडीच्या मुलखात वर्षातले चार महिने काम अडते, हे तुम्हाला करार करतानाच ठाऊक असते. तेवढ्या काळाचे भाडे आणि पगार मंजुरीतच वेगळे लिहून द्या.