गोधडीत हरवलेलं बाळ

रात्रीचे तीन वाजलेले असतात. बाळंतीण अंथरुणात उठून बसते आणि गोधडी चाचपू लागते. उशी उचलून बघते, दुपट्याची घडी उलगडते, शेजारी झोपलेल्या नवऱ्याच्या अंगाखाली हात घालते. "बाळ कुठंय? आत्ता इथंच होतं!" नवरा दचकून उठतो. बाळ हाताच्या अंतरावर पाळण्यात गाढ झोपलेलं असतं. तिचे डोळे उघडे असतात, पाळणाही दिसत असतो, पण पटत नाही. बाळाच्या छातीवर हात ठेवल्यावरच तिच्या जिवात जीव येतो.

असं एखाद्याच घरात घडत नाही. मॉन्ट्रियलचे स्वप्नसंशोधक टोर निल्सन आणि त्यांच्या सहकारी टायना पॅकेट यांनी 2007 साली 273 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत बाळंतिणी होत्या, गरोदर स्त्रिया होत्या आणि कधीच गरोदर न राहिलेल्याही होत्या. बाळाची स्वप्नं गरोदरपणीही पडतात, पण त्यांत बाळ संकटात असल्याचं 42 टक्के गरोदर स्त्रियांनी सांगितलं, तर बाळंतिणींमध्ये हे प्रमाण 73 टक्के होतं. झोपेतच हात-पाय हलवणं, शोधाशोध करणं हे निम्म्याहून जास्त बाळंतिणींनी सांगितलं; इतर दोन्ही गटांत ते साधारण चौथ्या हिश्शाएवढंच होतं. अंथरुणात बाळ हरवल्याचं स्वप्न इतकं ठरावीक होतं, की संशोधकांनी त्याचा वेगळा विचार केला. ही माहिती स्त्रियांनी आठवून सांगितलेली आहे, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

हे घडतं कसं? तान्हं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. आईच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं आणि ते पुरं व्हायच्या आतच अनेकदा रडणं ऐकू येतं. स्वप्नं ज्या टप्प्यात जास्त आणि ठळक पडतात तो टप्पा असा वारंवार तुटला, की मेंदू पुढच्या झोपेत त्याची भरपाई करू पाहतो आणि स्वप्नं अधिक गडद होतात. एरवी त्या टप्प्यात शरीर लुळं पडलेलं असतं. थकलेली बाई अर्धवट जागी होते तेव्हा हात हलू लागतात, पण स्वप्न संपलेलं नसतं. म्हणून गोधडी खरी असते आणि हरवलेलं बाळ स्वप्नातलं.

स्वप्नात नेमकं बाळच का हरवतं, याचं उत्तर दिवसात शोधावं लागतं. दूध पोटात राहिलं का, श्वास चालू आहे ना, मान नीट धरली ना, हे सगळं ती दिवसभर तपासत असते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1956 मध्ये आईच्या या तल्लीनतेबद्दल लिहिलं होतं: एरवी आजार वाटेल अशी ही अवस्था बाळंतपणानंतर काही आठवडे स्वाभाविक असते. रात्री हाच पहारा झोपेतही चालू राहतो. बाळ बसमध्ये विसरलं, दुकानात ठेवून आले, अशी स्वप्नं त्यातूनच येतात. त्यांत निष्काळजीपणाचा पुरावा शोधणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

जागेपणीही असे विचार येतात. निकोल फेअरब्रदर आणि शीला वुडी यांच्या 2008 च्या कॅनडातल्या अभ्यासात बाळाला अपघात होईल असे नकोसे विचार सगळ्याच आयांनी सांगितले. आपल्याच हातून मुद्दाम काही होईल की काय, असा विचार जवळजवळ निम्म्या जणींच्या मनात येऊन गेला होता. बहुतेकींना त्याची शिसारी येते, म्हणूनच त्या तो कुणाला सांगत नाहीत.

आपल्याकडे हे भय नवं नाही. पाचवीला सटवाईची पूजा आणि बाळाजवळचं जागरण आजही अनेक घरांत होतं. त्या रात्री निदान बाळंतीण एकटी जागी नसते. पुढे मात्र स्वप्न सांगितलं तर दृष्ट काढली जाते आणि झोपेचा प्रश्न तसाच राहतो. एखादं पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर भागवून आजी किंवा नवऱ्यानं बाळ सांभाळलं आणि तिला सलग चार-पाच तास मिळाले, तर त्याचा खरा उपयोग होतो. बाळाची जागा त्याच खोलीत, पण वेगळी, सपाट आणि उशा-गोधड्यांविना असावी. म्हणजे झोपेतल्या शोधाशोधीत त्याला धक्का लागत नाही.

स्वप्न जाग आल्यावर विरतं आणि बाळ पाहून ती पुन्हा झोपते, तोवर काळजी नाही. बाळ दुसऱ्या कुणाकडे सुखरूप असतानाही तिचा डोळा लागत नसेल, दिवसभर भीती सुटत नसेल, तर डॉक्टरांना सांगावं. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांकही आहे. पण झोपेची गरजच वाटेनाशी झाली, कुणी आज्ञा देतंय असं ऐकू येऊ लागलं, किंवा बाळ आपलं नाही, त्याला इजा करणंच योग्य, असं तिला पटू लागलं, तर ते स्वप्नाचं लक्षण नव्हे. हजारात एक-दोन बाळंतिणींना होणारा हा गंभीर मानसिक आजार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उफाळतो. अशा वेळी तिला बाळाजवळ एकटं न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. उपचारांनी बहुतेकजणी बऱ्या होतात.