गुरुवारी रात्री जन्म, दाखल्यावर शुक्रवार

शंका : पुण्यातल्या एका घरात गुरुवारी रात्री, घड्याळात २ वाजून २० मिनिटांनी बाळ जन्मले. दाखल्यावर वार लागतो शुक्रवार, गुरुजींनी मात्र पत्रिकेत गुरुवार लिहिला. आजोबांना विचारायचे आहे, की चूक कोणाची?

समाधान : कोणाचीच नाही. दाखल्याचा दिवस मध्यरात्रीला उलटतो, तर पंचांगाचा वार एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत चालतो. घटिकापात्र पाण्यात सोडून वेळ मोजणारे उगवतीपासूनच मोजायला लागत, कारण सूर्योदय डोळ्यांना दिसतो, मध्यरात्र दिसत नाही. त्या दिवशी सूर्योदय ६ वाजून १० मिनिटांनी झाला असेल, तर तिथपासून जन्मापर्यंत २० तास १० मिनिटे, म्हणजे ५० घटी २५ पळे झाली. ६० घटी पुऱ्या व्हायच्या होत्या, म्हणून गुरुवारच.

वारांची नावेही सूर्योदयाला बांधलेली आहेत. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने तासातासाची होरा बदलते. ज्या ग्रहाची होरा सूर्योदयाला असते, त्याचा तो वार. गुरूपासून मोजत गेले की २४ होरा संपून पंचविसावी शुक्राची येते, आणि तेव्हा पुन्हा सूर्य उगवत असतो. मध्यरात्रीला वार बदलायचा म्हटले, तर ही साखळीच तुटेल.

ज्योतिर्गणितात मात्र मध्यरात्रही चालत आली आहे. आर्यभटाच्याच नावावर औदयिक आणि आर्धरात्रिक अशा दोन्ही पद्धती आहेत. पण ती अहर्गणाची सोय. धर्मकृत्यांना वार उदयाचाच.

प्रसिद्ध उदाहरण १९४७ चे. १५ ऑगस्टला शुक्रवार होता. पण ज्या मध्यरात्री स्वातंत्र्य आले, ती पंचांगाने गुरुवारची रात्र. चंद्र थोडा आधीच पुष्यात गेला होता, म्हणजे चक्क गुरुपुष्य. शुक्रवार धरला तर हा योग कागदावरून नाहीसा होतो.

खरी फसगत संगणकावर पत्रिका काढताना होते. गुरुजींनी गुरुवार म्हटले म्हणून घरची मंडळी गुरुवारची तारीख आणि पहाटेचे २:२० भरतात. मग जन्म २४ तास मागे जातो, चंद्र सुमारे १३ अंश मागे सरकतो आणि नक्षत्र एका घराने चुकते. तारीख दाखल्यावरचीच भरावी. तिथी आणि नक्षत्र यांचा सूर्योदयाशी असा करार नाही. ती दिवसाच्या कोणत्याही क्षणी बदलतात, म्हणून जन्मवेळी जी चालू असतील तीच घ्यावीत. उदयाची तिथी दिवसाला नाव देण्यापुरती.

याच घरातल्या काकांची पुरवणी शंका अशी, की गुरुवार पाळणाऱ्याने रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी आमलेट खाल्ले तर चालेल का? घड्याळाच्या हिशेबाने चालेल. पंचांगाच्या हिशेबाने काकांना उजाडेपर्यंत थांबावे लागेल.