साडेतीनचा तासकाटा

पुठ्ठ्याची वर्तुळे कापून, त्यांवर प्रथम १२, ६, ३ व ९ आणि मग उरलेले अंक मांडून, मध्यभागी दोन सुटे काटे खिळवून मुलांच्या हाती द्यावयाचे, हा दुसरीच्या वर्गातील घड्याळाच्या पाठाचा जुना शिरस्ता. तो मीही पुष्कळ वर्षे निष्ठेने पाळला. एकदा मी "साडेतीन" म्हणताच एका मुलीने तासकाटा बरोबर ३ वर व मिनिटकाटा ६ वर ठेवला, आणि मी तिला शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीकडे बोट करून ती म्हणाली, "गुरुजी, हे घड्याळ बिघडलंय. साडेतीन झाले, तरी लहान काटा तीनवर नाही."

खऱ्या घड्याळातील काटे आतील दंतचक्रांनी परस्परांशी बांधलेले असतात; मिनिटकाट्याची एक प्रदक्षिणा पुरी होते तेव्हा तासकाटा एका अंकावरून पुढील अंकावर पोचलेला असतो, आणि म्हणून साडेतीनला तो ३ व ४ यांच्या नेमक्या मध्यावर असावयास हवा. पुठ्ठ्याच्या काट्यांना हे बंधन नाही. अहोरात्रात जी वेळ कधीच येत नाही तीही ते निमूटपणे दाखवितात, आणि तसल्या वेळेची मी खातरजमा न करता तिला मान्यता दिली होती. कसूर माझी होती. मुलीने तर शिकविलेल्यावर पूर्ण विश्वास ठेवला होता.

त्यानंतर मी आरंभीचे काही दिवस मिनिटकाटा काढूनच ठेवू लागलो. एकट्या तासकाट्याकडे पाहून "तीन नुकतेच वाजून गेले, की चार वाजत आले?" एवढेच विचारावयाचे. ही नजर बसली म्हणजे पावणेचारचा घोटाळा पुष्कळसा टळतो. शब्दात चार आहे, काटाही ४ ला जवळजवळ भिडलेला आहे. मग मूल "चार वाजून पंचेचाळीस मिनिटे" वाचते, यात त्याचा निष्काळजीपणा कोठे आहे? "चार वाजून गेले का?" असे विचारावे, म्हणजे काटा अजून ४ च्या अलीकडेच आहे हे ते स्वतःच पाहते. आणि जो मुलगा दीडला "साडेएक" म्हणतो त्याला वर्गाने हसू नये, याविषयी मी फार दक्ष असे. कारण साडेतीन, साडेचार यांचा नियम त्याने पाळलेला असतो, तो मोडते ती आपली भाषा.

त्या मुलीला मी सर्वांसमक्ष सांगितले की चूक माझी होती, आणि गजराच्या घड्याळाची मागील चावी तिला फिरवावयास दिली. मोठा काटा १२ पासून ६ पर्यंत येईतो ती लहान काट्यावरची दृष्टी हलवीना. नंतर आपल्या जागी जाऊन तिने पुठ्ठ्यावरचा तासकाटा बोटाने ३ वरून अर्ध्या घरापर्यंत सरकविला.